डिशचा नेम आणि मीटरवरच्या दोन पट्ट्या

सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत सिग्नलचे पान उघडले की पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात. एक स्ट्रेंथची, दुसरी क्वालिटीची. दोन्हींसमोर टक्के लिहिलेले असतात, म्हणून दोन्ही एकाच गोष्टीची मोजमापे असावीत असे वाटते, पण तसे नाही. डिश उपग्रहाकडे अजिबात वळलेली नसतानाही पहिली पट्टी निम्म्याच्या वर असू शकते. दुसरी मात्र नेम जवळपास बरोबर लागेपर्यंत शून्यावरून हलत नाही. डिश बसवताना होणाऱ्या बहुतेक चुका हा फरक लक्षात न घेतल्यामुळे होतात.

खाजगी कंपन्यांच्या डीटीएच सेवेत डिश बसवायला कंपनीचा माणूस येतो. प्रसार भारतीच्या डीडी फ्री डिशला मात्र मासिक वर्गणी नाही आणि ठरलेला कारागीरही नाही. बाजारातून डिश, एलएनबी, वायर आणि बॉक्स आणून पुष्कळ लोक ती स्वतःच गच्चीवर बसवतात. म्हणून उदाहरणासाठी हीच सेवा घेणे सोयीचे आहे. डिसेंबर २००४ मध्ये ती ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली. आता ती जीसॅट-१५ या भारतीय उपग्रहावरून येते. नोव्हेंबर २०१५ मध्ये हा उपग्रह सोडण्यात आला. त्याची जागा विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्यामुळे जमिनीवरून पाहता तो आकाशात एकाच जागी खिळलेला असतो. डिश एकदा नीट बसली की पुन्हा हलवावी लागत नाही, ती यामुळेच.

ही जागा गावागणिक वेगळी दिसते. साताऱ्याचे उदाहरण घेऊ. शहराचा अक्षांश सुमारे १७.७ आणि रेखांश ७४ आहे, म्हणजे उपग्रह शहराच्या साडेएकोणीस अंश पूर्वेला आहे. हे आकडे नेहमीच्या सूत्रांत घातले की तीन कोन मिळतात. पहिला दिशेचा. उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजत गेल्यास उपग्रह सुमारे १३०.६ अंशांवर येतो. आग्नेय दिशा १३५ अंशांवर असते, त्यामुळे डिशचे तोंड आग्नेयेला आणि तिथून साधारण साडेचार अंश पूर्वेकडे हवे. दुसरा कोन उंचीचा. उपग्रह क्षितिजापासून ५९.५ अंश वर, म्हणजे क्षितिज आणि डोक्यावरचा बिंदू यांच्यामधल्या अंतराच्या दोन तृतीयांश उंचीवर असतो. तिसरा कोन एलएनबी स्वतःभोवती किती फिरवायचा याचा. तो साताऱ्यात सुमारे ४६ अंश येतो. मुंबईचे आकडे फार वेगळे नाहीत: दिशा १३१, उंची साडेसत्तावन्न, एलएनबीचा कोन साडेपंचेचाळीस. नागपुरात मात्र दिशा १४४.५ अंशांवर, बरीच दक्षिणेकडे सरकते आणि एलएनबीचा कोन ३३ वर येतो. पणजीत हाच कोन ५० च्या घरात जातो. दुसऱ्या जिल्ह्यातल्या नातेवाइकाच्या डिशचे फोटो पाहून आपली डिश बसवणाऱ्यांची फसगत होते, ती या फरकामुळे.

उंचीचा कोन कळला की जागा निवडणे सोपे होते. समोर आड येणारी वस्तू डिशपेक्षा जितकी उंच असेल, त्या उंचीला १.७ ने भागले की साताऱ्यापुरते किमान अंतर मिळते. डिशच्या पातळीपेक्षा दहा मीटर उंच इमारत आग्नेयेला असेल, तर ती सहा मीटरांपलीकडे असली की रेषा मोकळी राहते. थोडी जास्त मोकळीक ठेवलेली बरी. खरी अडचण झाडांची असते. आंब्याच्या किंवा नारळाच्या झाडाची फांदी उन्हाळ्यात आड येत नाही, पण पावसाळ्यात वाढते, ओली होते आणि मग लहरी अडवते. ओल्या पानांमधून या लहरी फारशा पार होत नाहीत.

डिश कुठे पाहते आहे हे नुसते बघून ओळखता येत नाही. घरगुती डिश ऑफसेट प्रकारची असते. तिच्यात एलएनबीचा दांडा बरोबर मध्यभागी न येता खालच्या कडेपासून पुढे येतो. अशा डिशमध्ये लहरी तव्याच्या तोंडाला सरळ काटकोनात येत नाहीत, त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वरच्या बाजूने येतात आणि परावर्तित होऊन एलएनबीवर गोळा होतात. त्यामुळे साताऱ्यात ५९.५ अंशांवर रोखलेली डिश दिसताना मात्र पस्तीस अंशांवर बघत असल्यासारखी वाटते. हे माहीत नसलेला माणूस डिश खूपच वर उचलतो आणि तासभर फिरवूनही हाती काही लागत नाही. मागच्या ब्रॅकेटवर अंशांची पट्टी छापलेली असेल, तर तिच्यात हा फरक सहसा धरलेला असतो, म्हणून तिथे ५९.५ च लावायचे. पट्टी नसेल किंवा पुसट असेल, तर डिशच्या वरच्या आणि खालच्या कडेवर एक सरळ काठी टेकवून मोबाइलवरच्या कोनमापकाने तिचा कल पाहता येतो. काठी ओळंब्याच्या रेषेपासून पस्तीस अंशांच्या आसपास मागे कललेली असेल, तर सुरुवात ठीक आहे. नेमका फरक बनावटीनुसार दोन-तीन अंश इकडेतिकडे असतो.

सगळ्यात आधी खांब मात्र बिनचूक उभा हवा. ओळंबा किंवा स्पिरिट लेव्हल खांबाला दोन बाजूंनी, एकमेकींशी काटकोनात लावून पाहावी. खांब तिरका असेल तर डिश डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही बदलत राहते आणि दोन्ही कोन एकमेकांत अडकतात. नवख्या माणसाचा बहुतेक वेळ याच गुंत्यात जातो. खरे तर दहा मिनिटांचे हे काम सुरुवातीलाच करून टाकावे.

दिशेसाठी होकायंत्र पुरते. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाहूनही कमी आहे, त्यामुळे तो सोडून दिला तरी चालतो. लोखंडाचा परिणाम मात्र सोडून देता येत नाही. गच्चीवरच्या सळया, पत्र्याची शेड किंवा खुद्द खांब जवळ असेल तर मोबाइलमधले होकायंत्र वीस-वीस अंश चुकू शकते. दिशा खांबापासून चार पावले दूर उभे राहून पाहावी आणि समोरची एखादी ठळक खूण, टाकी किंवा टॉवर, लक्षात ठेवावी. शेजाऱ्यांच्या डिशही दिशा सांगतात, फक्त त्या कुठल्या कंपनीच्या आहेत ते माहीत हवे. टाटा प्लेच्या डिश ८३ अंशांवरच्या उपग्रहाकडे बघतात. साताऱ्याहून ती दिशा १५२ च्या आसपास, म्हणजे जीसॅट-१५ पेक्षा बावीस अंश दक्षिणेकडे येते. एअरटेलच्या डिश १०८ अंशांकडे रोखलेल्या असतात, त्यामुळे त्या बऱ्याच पूर्वेकडे वळलेल्या दिसतात. डिश टीव्हीचा उपग्रह ९५ अंशांवर आहे. त्याची दिशा साताऱ्याहून फक्त दोन अंशांनी वेगळी आहे आणि उंची सव्वा अंशाने कमी. शेजारी डिश टीव्ही असेल तर ती डिश चांगली मार्गदर्शक ठरते. पण नेम चुकला तर बहुधा याच उपग्रहावर चुकतो, हेही लक्षात ठेवावे.

आता वायर. एलएनबी आकाशातून आलेल्या लहरींची वारंवारता उतरवून त्या वायरमधून खाली पाठवतो. जीसॅट-१५ वरच्या फ्री डिशच्या ११,१७० मेगाहर्ट्झच्या ट्रान्सपाँडरचे उदाहरण घेतले, तर एलएनबी त्यातून ९,७५० वजा करतो आणि वायरमधून १,४२० मेगाहर्ट्झचा सिग्नल जातो. याच वायरने बॉक्स एलएनबीला वीजही पुरवतो. उभ्या ध्रुवणासाठी १३ व्होल्ट, आडव्यासाठी १८. म्हणून कनेक्टर लावताना किंवा काढताना बॉक्सचा प्लग काढलेला असावा. मधली तांब्याची तार बाहेरच्या जाळीला टेकली की एलएनबीची वीज तुटते आणि कधी बॉक्सही बिघडतो. कनेक्टर लावताना जाळीचा एकही केस मधल्या तारेपर्यंत येऊ देऊ नये. तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर एक-दोन मिलिमीटर दिसली की पुरे.

बॉक्सच्या मेनूत तीन गोष्टी भराव्या लागतात. एलएनबीच्या रकान्यात 9750/10600 म्हणजे युनिव्हर्सल निवडायचे, उपग्रह निवडायचा आणि ट्रान्सपाँडरसाठी वारंवारता, ध्रुवण आणि सिम्बॉल रेट यांचे त्रिकूट द्यायचे. उदाहरणार्थ 11170 V 29500. ही यादी प्रसार भारती अधूनमधून बदलते, म्हणून काम सुरू करण्याआधी चालू यादी पाहून घ्यावी. या तिन्हींपैकी एकही आकडा चुकला तर डिश कितीही बरोबर असली तरी क्वालिटी शून्यच दाखवते. मग माणूस निर्दोष डिश फिरवत बसतो.

इथून पुढे सगळे काम मीटर पाहून करायचे असते, म्हणून त्या दोन पट्ट्या नेमके काय मोजतात ते आधी समजून घेतले पाहिजे. स्ट्रेंथ म्हणजे वायरमधून बॉक्सपर्यंत पोचलेली एकूण शक्ती. ती उपग्रहाची आहे की गोंगाटाची, हे तिला कळत नाही. एलएनबी आलेल्या लहरींची शक्ती लाखो पटींनी वाढवतो आणि त्यांच्याबरोबर स्वतःचा व भोवतालचा गोंगाटही वाढवतो. वीज मिळालेला एलएनबी कुठेही रोखला तरी स्ट्रेंथची पट्टी वर राहते ती यामुळे. जमीन आणि भिंत आकाशापेक्षा कितीतरी उबदार असतात आणि उबदार वस्तू या पट्ट्यात जास्त गोंगाट सोडते. म्हणून डिश भिंतीकडे वळवली की काही बॉक्सवर स्ट्रेंथ वाढल्याचेही दिसते. क्वालिटी वेगळाच प्रश्न विचारते. बॉक्सला सांगितलेल्या वारंवारतेवरचा डिजिटल प्रवाह ओळखू येतो का, आणि येत असेल तर तो गोंगाटाच्या किती वर आहे, किंवा त्यात किती चुका आहेत, यावरून ती ठरते. एसटी स्टँडवर ध्वनिवर्धकाचा आवाज किती मोठा आहे ही स्ट्रेंथ, आणि कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली हे समजले का, ही क्वालिटी.

या टक्क्यांना कुठलेही सर्वमान्य माप नाही, हेही सांगायला हवे. एका बॉक्सवरचे ६० आणि दुसऱ्यावरचे ८० एकच सिग्नल असू शकतात. प्रत्येक उत्पादक आपल्या चिपमधला आकडा हवा तसा टक्क्यांत बसवतो. त्यामुळे ‘क्वालिटी अमुक टक्के असायलाच हवी’ असे बाजारात सांगितले जाते, त्याला काही आधार नाही. तुलना त्याच बॉक्सवर, त्याच ट्रान्सपाँडरवर, कालची आजशी करायची असते.

आता प्रत्यक्ष फिरवणे. टीव्ही गच्चीवर नेता आला तर उत्तम, नाहीतर एक जण टीव्हीसमोर आणि एक डिशपाशी, दोघांच्या कानाला मोबाइल. खाली बसलेल्याने फक्त क्वालिटीचा आकडा मोठ्याने सांगत राहावा. स्ट्रेंथ सांगायला सुरुवात झाली की वरचा माणूस तिच्या मागे लागतो. साठ सेंटिमीटरच्या डिशचा झोत साधारण तीन अंश रुंद असतो. म्हणजे बरोबर मध्यापासून दीड अंश सरकले की शक्ती निम्मी होते. डिशच्या कडेवर पाहिले तर एक अंश म्हणजे जेमतेम अर्धा सेंटिमीटर. डिश हलवताना एवढ्याच मापाने हलवायची असते. बॉक्सला नवा प्रवाह पकडून आकडा दाखवायला दोन-तीन सेकंद लागतात. डिश एकसारखी फिरवत राहिली तर नेम बरोबर जागेवरून निघून गेल्यानंतर आकडा येतो. म्हणून अर्धा सेंटिमीटर सरकवायचे, हात काढायचा, तीनपर्यंत मोजायचे, मग पुढे.

साताऱ्याच्या गच्चीवर हे कसे घडेल ते पाहू. खांब ओळंब्यात आहे, उंची ५९.५ वर लावली आहे, एलएनबी ४६ अंश वळवला आहे आणि होकायंत्राने ठरवलेल्या खुणेच्या थोडे डावीकडे तोंड करून सुरुवात केली आहे. स्ट्रेंथ ५५ आणि क्वालिटी शून्य. याचा अर्थ वायर, कनेक्टर आणि एलएनबी ठीक आहेत, नेम अजून लागलेला नाही. डिश उजवीकडे, म्हणजे दक्षिणेकडे, पायरी-पायरीने सरकवत नेली. पूर्ण वीस अंशांचा टप्पा झाला तरी काही नाही. मग उंची दीड अंशाने बदलून पुन्हा तोच फेरा उलट दिशेने केला. दुसऱ्या फेरीत अचानक क्वालिटी ३८ वर उडी मारते. इथे चॅनल शोधायला सांगून पाहावे. दूरदर्शनचे चॅनल आले तर उपग्रह बरोबर आहे. आकडा आला पण चॅनल भलतेच किंवा एकही नाही, तर बॉक्सने शेजारच्या ९५ अंशांवरच्या उपग्रहाचा तसाच एखादा प्रवाह पकडला असण्याची शक्यता धरावी आणि डिश दोन अंश दक्षिणेकडे व किंचित वर न्यावी.

समजा चॅनल बरोबर आले. आता शिखर शोधायचे, आणि ते शोधण्याची पद्धत जरा उलटी आहे. सर्वांत मोठा आकडा कुठे येतो हे थेट पाहण्याऐवजी तो दोन्ही बाजूंना कुठे पडतो हे पाहायचे. डिश डावीकडे नेली, ३८ चे ६६ झाले, आणखी पुढे ७०, मग पुन्हा ६५ आणि ३५. ६५ चा आकडा डावीकडे आणि उजवीकडे जिथे आला, तिथे खांबावर पेन्सिलने खुणा केल्या आणि डिश त्या दोन खुणांच्या बरोबर मध्ये आणली. शिखराजवळ आकडा सपाट असतो, एक-दोन टक्क्यांचा फरक हात थरथरला तरी येतो. बाजूंना तो झपाट्याने घसरतो, म्हणून तिथली खूण जास्त भरवशाची. दिशेचे नट हलके आवळून हीच कृती उंचीसाठी करायची. समजा आता क्वालिटी ७६ झाली.

शेवटी एलएनबी. जीसॅट-१५ वरून एकाच वारंवारतेवर उभ्या आणि आडव्या ध्रुवणाच्या लहरी वेगवेगळ्या कार्यक्रमांसाठी वापरता येतात. एलएनबी पुरेसा वळलेला नसेल तर नको असलेल्या ध्रुवणाचा अंश आत गळतो आणि गोंगाट बनतो. अशा वेळी स्ट्रेंथ उत्तम आणि क्वालिटी मध्यम असते आणि डिश हलवून काही सुधारत नाही. उपग्रह महाराष्ट्राच्या पूर्वेला असल्यामुळे डिशच्या मागे, उपग्रहाकडे तोंड करून उभे राहिल्यास एलएनबी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वळलेला दिसला पाहिजे. डिशच्या समोर उभे राहून पाहणाऱ्याला तोच घड्याळाच्या दिशेने वळलेला दिसतो, आणि उलट वळवण्याची चूक इथेच होते. गणिताचे ४६ अंश ही सुरुवात समजायची. पाच-पाच अंश इकडेतिकडे करून क्वालिटी जिथे सर्वाधिक येईल तिथे पकड घट्ट करायची. आपल्या उदाहरणात ७६ चे ८१ झाले असे समजू.

नट आवळताना डिश एक-दीड अंश सहज सरकते. एक नट पूर्ण आवळून मग दुसरा आवळण्याऐवजी दोन्ही बाजूंचे नट पाव-पाव फेरा आळीपाळीने आवळावेत आणि मीटर सुरूच ठेवावे. आकडा ८१ वरून ७४ वर आला तर पाना बाजूला ठेवून पुन्हा मध्य शोधावा. सगळे झाल्यावर बॉक्सच्या मेनूतून पुन्हा सर्व ट्रान्सपाँडर शोधावेत आणि प्रत्येकावरची क्वालिटी एका कागदावर टिपून बॉक्सखाली ठेवावी. पुढे बिघाड शोधताना हा कागद फार उपयोगी पडतो.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारेल, कारण क्वालिटी ३८ असतानाही चित्र स्वच्छच दिसत होते. डिजिटल प्रसारणात चित्र हळूहळू बिघडत नाही. बॉक्समधली चूक-दुरुस्तीची व्यवस्था एका मर्यादेपर्यंत सगळे सावरते आणि ती मर्यादा ओलांडली की चित्राचे चौकोन पडतात, ते गोठते आणि मग पडदा काळा होतो. ३८ आणि ८१ या दोन्हींचे चित्र मेच्या कोरड्या दुपारी सारखेच असते. फरक जुलैत दिसतो. या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते आणि पावसाचे मोठे थेंब त्यांची शक्ती शोषतात व विखुरतात. ३८ वाली डिश पहिल्याच जोरदार सरीत बंद पडते. ८१ वाली फक्त अतिवृष्टीच्या काळ्या ढगाखाली काही मिनिटे जाते. त्या वेळी मीटर पाहिले तर स्ट्रेंथ थोडीच उतरलेली असते आणि क्वालिटी कोसळलेली. पाऊस उपग्रहाचा सिग्नल अडवतो आणि स्वतः उबदार असल्यामुळे गोंगाट वाढवतो, म्हणून एकूण शक्तीत फारसा फरक पडत नाही.

बिघाड झाल्यावर दोन्ही पट्ट्या एकत्र वाचल्या की तो कुठे आहे हे बहुतेक वेळा खालीच बसून कळते. दोन्ही शून्यावर असतील तर डिशकडे जाण्याचे कारण नाही. वीज एलएनबीपर्यंत जात नाही, म्हणजे वायर तुटली आहे, कनेक्टर सुटला आहे, जाळी मधल्या तारेला टेकली आहे किंवा एलएनबी जळाला आहे. स्ट्रेंथ पूर्वीसारखी आणि क्वालिटी शून्य असेल तर नेम ढळला आहे, आड काही आले आहे किंवा मेनूतला आकडा बदलला आहे. स्ट्रेंथ बरीच उतरली आणि क्वालिटी थोडीच, तर दोष वायरीत शोधावा. कनेक्टरमध्ये पाणी शिरले की असे होते. तांब्याची तार हिरवट किंवा काळी पडलेली दिसते आणि तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर लावावा लागतो. एलएनबीच्या तोंडाशी वायर थोडी खाली झुकवून मग वर आणली तर पाणी त्या वळणाच्या तळातून गळून जाते आणि कनेक्टरपर्यंत पोचत नाही.

वायर लांब असली तरीही असेच चित्र दिसते. आरजी-६ वायरच्या वीस मीटरमध्ये या वारंवारतेवर साधारण पाच डेसिबल जातात, म्हणजे शक्ती एक तृतीयांशावर येते, पण एलएनबीने आधीच इतके वाढवलेले असते की क्वालिटी जवळपास तशीच राहते. वायरमध्ये सिग्नल आणि गोंगाट दोन्ही सारखेच कमी होतात, त्यांचे प्रमाण बदलत नाही. याच कारणाने नेम चुकलेल्या डिशला मध्ये ॲम्प्लिफायर लावण्यात अर्थ नाही. स्ट्रेंथची पट्टी शंभरला टेकेल आणि चित्र येणार नाही. ॲम्प्लिफायरचा उपयोग फक्त खूपच लांब वायरीवर आहे. दुकानात मिळणारा शिट्टी वाजवणारा सॅटेलाइट फाइंडरही फक्त शक्ती मोजतो. कोणत्याही उपग्रहावर तो सारख्याच आनंदाने ओरडतो. आकाशात काहीतरी सापडले एवढेच तो सांगतो, ते जीसॅट-१५ आहे का हे बॉक्सच सांगू शकतो.

काही ट्रान्सपाँडर चालतात आणि काहींवर क्वालिटी शून्य असते, तेव्हा आधी बॉक्स पाहावा. फ्री डिशवरचे काही प्रवाह डीव्हीबी-एस२ या नव्या पद्धतीचे आहेत आणि जुना एमपेग-२ बॉक्स ते ओळखतच नाही. तिथे डिश निर्दोष असते. कागदावर टिपलेले आकडे असतील तर हे लगेच लक्षात येते, कारण त्या ट्रान्सपाँडरवर पहिल्या दिवसापासूनच शून्य लिहिलेले असते.

वर्षातून दोनदा मात्र सगळे ठीक असूनही क्वालिटी शून्यावर जाते आणि तेव्हा डिशला हात लावायचा नसतो. सूर्य आकाशात रोज थोडा उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे सरकतो आणि त्या ओघात वर्षातून दोन वेळा काही दिवस बरोबर उपग्रहाच्या मागून जातो. सूर्य या पट्ट्यात प्रचंड गोंगाट सोडतो आणि त्या मिनिटांत डिश उपग्रहाबरोबर सूर्याकडेही रोखलेली असते. साताऱ्यासाठी हा काळ मार्चच्या १२-१३ तारखेच्या आणि ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेच्या आगेमागे येतो. मार्चमध्ये सकाळी सव्वाअकराच्या सुमारास आणि ऑक्टोबरमध्ये अकराच्या पाच-दहा मिनिटे आधी. क्वालिटी घसरते, काही मिनिटे चित्र जाते, स्ट्रेंथ उलट वाढलेली दिसते आणि मग सगळे आपोआप पूर्ववत होते. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा तेच. त्या दिवसांत हीच वेळ जागा तपासायलाही वापरता येते. त्या मिनिटाला डिशवर ऊन पडलेले असेल तर उपग्रहाची रेषा मोकळी आहे, आणि एखाद्या फांदीची सावली डिशवर पडली असेल तर छाटायची फांदी तीच.